लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाची सहल : डब्यात ठेवलेली चिठ्ठी

मानवत, 25 नोव्हेंबर

अहो,

तुम्ही जिनिंगवरून येता तेव्हा मी झोपलेली असते, आणि मी उठते तेव्हा तुम्ही झोपलेले. कापसाचा सीझन संपेपर्यंत हे असंच चालायचं. फोनवर बोलायला घेतलं की मागे यंत्राचा आवाज, निम्मं ऐकूच येत नाही. म्हणून सगळं लिहून डब्यात ठेवते. जेवून झाल्यावर सावकाश वाचा.

9 डिसेंबरला आपल्याला वर्ष होतंय. लग्नानंतर आपण एकदाच बाहेर पडलो, तुळजापूरला. क्रूझरमध्ये अकराजण होतो. देवीचं दर्शन छान झालं, पण परत येईपर्यंत आपण दोघं एकमेकांशी दहा शब्दही बोललो नव्हतो. म्हणून या वेळी दोघांनीच जायचं, तीन दिवस, दोन रात्री. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन गेलं हे मला कळतं. मोठं काही मागत नाही. फॉल-पिको आणि ब्लाउजच्या शिलाईचे माझ्याकडे 3,800 जमलेत, तुमच्या ओव्हरटाइमचे 2,200 घातले की 6,000 होतात. एवढ्यातच बसवलंय, घरखर्चाला हात लावायचा नाही.

वाढदिवस मंगळवारी येतोय आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. म्हणून रविवारी 7 तारखेला निघू, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी, आपल्या दिवशी, पैठण. तुम्हाला रजा फक्त सोमवार-मंगळवारची लागेल. बुधवारचा दिवस घरी मिळतो, आणि गुरुवारी महालक्ष्मीची पूजा आहे, तेव्हा मी घरात पाहिजे.

रविवारी सकाळी मानवत रोडवरून मराठवाडा एक्स्प्रेस धरायची. दुपारचं जेवण विकत घ्यायचं नाही. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून घेते. संभाजीनगरला स्टेशनजवळ एका लॉजवर फोन करून विचारलं, दोघांना 900 रुपये रात्र, सकाळी नऊपर्यंत गरम पाणी. आधार कार्ड दोघांचं लागेल. माझ्या आधारवर अजून माहेरचंच नाव आणि पत्ता आहे, तेव्हा लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स मी पर्समध्ये ठेवलीय. काउंटरवर कुणी काही विचारत बसलं तर तुमचा मूड जाईल, ते मला नको.

संध्याकाळी बीबी का मकबरा. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशाहनं, आईसाठी बांधला. लोक त्याला ताजमहालाची नक्कल म्हणतात. मला तर एका मुलानं आईची आठवण ठेवली एवढंच त्यात दिसतं. ऊन उतरल्यावर तिथं निवांत बसू. रात्री नान-खलिया खायची तुमची इच्छा आहे हे माहीत आहे, पण मार्गशीर्ष आहे हो. ते पुढच्या खेपेला नक्की.

सोमवारी वेरूळ. लवकरची एसटी धरली की तासाभरात पोचतो. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, तो खिडकीतूनच बघायचा. चढायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो आणि पायांत लेणी बघायचं बळ राहत नाही. आधी घृष्णेश्वर. गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं, म्हणून अंगावर सोपा शर्ट घाला. आत्ताचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधून घेतलेलं आहे.

मग लेणी. एकूण 34 आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपारनंतर ऊन आत शिरतं. म्हणून सकाळी दहावं, म्हणजे सुतार लेणं, बघू. त्याच्या छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्यात. सुतारकी करणाऱ्या तुमच्या आबांना ते आवडलं असतं. कैलास दुपारी. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून ते देऊळ काढलंय. आधी कळस, मग खाली पाया. कापड बेतताना माझी एक कात्री चुकली तर ब्लाउज वाया जातो. तिथं चुकलेला दगड परत कुठून जोडणार होते? मला ते डोळ्यांनी बघायचंच आहे.

आणि एकविसावं लेणं चुकवायचं नाही. तिथं शिवपार्वतीचं लग्न कोरलंय, आणि लग्नानंतर दोघं सारीपाट खेळत बसलेतसुद्धा. वर्षाच्या वाढदिवसाला आणखी कोणतं दर्शन घ्यायचं? आपला एक फोटो त्याच लेण्याच्या दारात काढायचा.

मंगळवारी लॉज सोडून पिशवी घेऊनच पैठणला. आधी नाथांच्या समाधीला जोडीनं नमस्कार, मग गोदावरीच्या घाटावर बसू. त्यानंतर पैठणीचे माग. अहो, एक सांगते, मनात काही आणू नका: मला पैठणी घ्यायची नाही. दुसऱ्यांच्या पैठण्यांना मी फॉल लावते तेव्हा दर वेळी उलटी बाजू बघत बसते, ती सुलटीइतकीच साफ असते, एक धागा लोंबत नाही. हे हातानं कसं जमतं, तेवढं मागाशेजारी उभं राहून बघायचंय. दुकानदारानं दाखवायला घेतल्या तर तुम्ही किंमत विचारू नका आणि चेहरा पाडू नका.

दुपारी जायकवाडी बघू. आपल्या शेताला ज्या कालव्याचं पाणी येतं त्याचं मूळ तिथं आहे, आणि तुम्ही अजून ते धरण पाहिलेलं नाही. वेळ बघून निघायचं, कारण संभाजीनगरला दीड-दोन तास लागतात आणि संध्याकाळची गाडी चुकली तर तिसरी रात्र अंगावर पडेल. घाई झाली तर धरण सोडू, माग सोडायचे नाहीत.

हिशेब असा: रेल्वे जाऊन-येऊन 300. एसटी 450, मला अर्धं तिकीट आहे म्हणून एवढ्यात होतं. रिक्षा 400. वेरूळचं तिकीट माणशी 40 आणि मकबऱ्याचं 25, मिळून 130. लॉज 1,800. चहा-नाश्ता-जेवण 1,500. देवाचं नारळ-फूल 150. आईंना आणि ताईंच्या पोरांना काहीतरी आणायला 300. बेरीज 5,030. उरलेले 970 मी वेगळ्या पाकिटात ठेवणार, ते अडीअडचणीशिवाय उघडायचे नाहीत. सगळं नीट पार पडलं तर परत आल्यावर ते बियाणं-खताच्या खात्यात टाकू.

आईंना मी विचारलंय. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "जाऊन या, मी ताईला बोलावते." म्हशीच्या धारेचंही त्यांनी शेजारच्या काकूंशी बोलून ठेवलंय. त्यांना येताना पैठणहून नाथांचा प्रसाद आणायचा.

तुमच्याकडे काम एकच, सुपरवायझरना दोन दिवसांची रजा आजच मागा. सीझनमध्ये नाही म्हणाले तर बदलीत पुढच्या दोन रविवारी काम करतो म्हणून सांगा. गुरुवारी तिकीट काढायला स्टेशनवर जाईन म्हणते. रजा मिळाली की या कागदाच्या मागे नुसतं "हो" लिहा आणि डबा परत पाठवा.

तुमचीच