माल नाकारल्याची सूचना: सिलिका वाळू, लॉट क्र. ११४

दि. ८ जुलै २०२५
खरेदी विभाग, फाउंड्री युनिट, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

महोदय,

काल आलेला २० टनांचा लॉट आम्ही नाकारत आहोत. ट्रकच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातून नमुने घेतले. ओलावा २.३ टक्के भरला. ऑर्डरप्रमाणे मर्यादा ०.५ टक्के. चिकणमाती १.६ टक्के, मर्यादा तीही ०.५. एएफएस नंबर ५२ आला, तो ५०–५५ मध्ये बसतो, त्याबद्दल तक्रार नाही.

ही वाळू नो-बेक कोअरसाठी आहे. ओलाव्यामुळे रेझिन नीट सेट होत नाही, मातीमुळे ते जास्त लागतं, आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात. पावसाळा आम्हालाही कळतो, पण ताडपत्री फाटकी होती आणि माती तर पावसाने येत नाही. धुलाईच कमी पडली आहे.

बदली माल: १० टन शुक्रवार, ११ जुलैपर्यंत, उरलेला १५ जुलैपर्यंत. सोबत लॉटचा टेस्ट रिपोर्ट हवाच. नाकारलेली वाळू शेडमध्ये वेगळी ठेवली आहे; १२ तारखेपर्यंत स्वखर्चाने उचलावी. बिल रोखलं आहे. शुक्रवारचा माल चुकला तर कोअर शॉप थांबेल, म्हणून उद्या दुपारपर्यंत लेखी होकार कळवा.

खरेदी अधिकारी