काउंटर तीनवरून निरोप

मॅनेजर साहेब, स्टाफमधले सगळे, मला सर म्हणायचं की काका म्हणायचं हे अजून न ठरलेली पोरं-पोरी, आणि कामाच्या दिवशी वेळ काढून आलेले आपले खातेदार, सगळ्यांना नमस्कार. पस्तीस वर्षं मी काचेमागे बसून "पुढे या" एवढंच बोललोय त्यामुळे माईकवर काय बोलायचं ते मला येत नाही, सांभाळून घ्या.

१९९० ला लागलो तेव्हा सगळं हातानं होतं. लेजर एवढे जाडे की शेल्फवरून काढताना शिपाई आणि मी दोघं लागायचो. चेक आला की टोकन द्यायचं, सहीचं कार्ड काढून सही जुळवायची, लेजरला पोस्टिंग, पासिंग, मग कॅशियर नंबर पुकारणार, आणि तोपर्यंत माणूस बाकावर निवांत बसलेला असायचा. नोटांच्या बंडलांना स्टेपल मारलेलं असायचं, ते उचकटताना बोटं फाटायची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्टेपल बंद करायला लावलं तेव्हा मी तरी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या! आणि सेव्हिंगचं व्याज तेव्हा दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी बॅलन्सवर असायचं, म्हणून दहा तारखेला भरायला नुसती झुंबड. २०१० च्या एप्रिलपासून रोजच्या बॅलन्सवर व्याज सुरू झालं आणि ती दहा तारखेची गर्दी गेली. खरं सांगतो, मला ती गर्दी आवडायची, महिन्याची सगळी तोंडं एका दिवशी दिसायची.

मग कॉम्प्युटर आले. माझं अक्षर चांगलं म्हणून मला लेजरला ठेवलेलं, आता अक्षराला कोण विचारतो. तेव्हा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या एका पोराने, आता तो दुसऱ्या शाखेत ऑफिसर आहे, सगळे मेन्यू कोड एका वहीत मराठीत लिहून दिले, "पैसे भरायला हे, काढायला हे, अडकलं की मला हाक". हसला नाही, कंटाळला नाही. ती वही अजून ड्रॉवरमध्ये आहे. लोक म्हणतात सिनियर शिकवतात, माझ्या बाबतीत उलटं झालंय, माझी निम्मी नोकरी ज्युनियरांनी चालवली आहे आणि आज ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं म्हणूनच मी माईक हातात घेतला, नाहीतर हार घालून घेतला असता आणि गप बसलो असतो.

नोटबंदी आठवतेय ना? ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री घोषणा, दुसऱ्या दिवशी लोकांसाठी बँक बंद आणि १० तारखेला शटर उघडायच्या आधीच लाईन रस्त्यापर्यंत. प्रोबेशनवरची एक पोरगी काउंटर दोनवर बसली ती रात्री कॅश टॅली होईपर्यंत उठली नाही, घरून फोन आला तर म्हणे "आई, टॅली झालं की निघते". पण त्या दिवसांत लाईनीतल्या माणसांनी आपल्याला वाचवलं, हे कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही. एक रिटायर्ड मास्तर रोज येऊन ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या स्लिपा भरून द्यायचे, स्वतःचं काम पहिल्याच दिवशी झालेलं असताना. कोणी भांडलं नाही असं नाही, भांडले, बक्कळ भांडले, काचेवर हातही आपटला. पण दुसऱ्या दिवशी "साहेब काल जरा जास्तच बोललो" म्हणायला तेच आले.

खातेदारांनो, तुमचे आभार कशाकशाचे मानू. सर्व्हर डाऊन आहे हे वाक्य तुम्ही माझ्याकडून जेवढ्या वेळा ऐकलंय तेवढं माझ्या बायकोने माझं नावही ऐकलं नसेल. लॉकडाऊनमध्ये मास्क लावून काचेपलीकडून "तुम्ही जपा हो" म्हणणारे तुम्हीच. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या आजी "बघ रे बाबा, अजून जिवंत आहे" म्हणून हसायच्या, आता पुढच्या नोव्हेंबरला मीही त्याच लाईनीत, तेव्हा पोरांनो मला उभं करून आधार कार्डाची झेरॉक्स आणायला पाठवू नका, आधीच सांगा.

बाकी हॅन्डओव्हर लिहून दिलाय. काउंटर तीनचा ड्रॉवर जरा वर उचलून ओढायचा, नाहीतर अडकतो. पासबुक प्रिंटरला सकाळी दोन मिनिटं तापू द्या. कोड नाही आठवला तर ती वही तिथेच ठेवून चाललोय, अक्षर माझं नाही, त्या पोराचं आहे. चला, आता हा माईक घ्या कोणीतरी, आणि जे बाहेर थांबलेत त्यांना आत बोलवा, त्यांची एन्ट्री राहिलीय.