४ ते २१ मार्च: मेटा जाहिरातींचे कन्व्हर्जनचे आकडे का बदलले

प्रति,
मार्केटिंग प्रमुख

सप्रेम नमस्कार मॅडम,

गेल्या आठवड्यात आम्ही पाठवलेल्या अहवालात मेटा जाहिरातींतून १,२८४ खरेद्या झाल्याचं म्हटलं होतं. तो आकडा चुकीचा आहे. सुधारित आकडा सुमारे ७९२ आहे. त्याआधीच्या १८ दिवसांत ८१३ खरेद्या होत्या. म्हणजे आपल्याला दिसलेली ५८ टक्के वाढ प्रत्यक्षात झालीच नाही, उलट थोडी घटच आहे. या आकड्यावर आपण पुढचं बजेट आखत आहात, म्हणून मासिक अहवालाची वाट न पाहता हे पत्र लिहीत आहे.

शंका आली ती साध्या तुलनेतून. ४ ते २१ मार्च या १८ दिवसांत आपल्या ऑर्डर सिस्टिममध्ये सगळ्या मार्गांनी मिळून १,१४६ ऑर्डर नोंदल्या आहेत. एकट्या मेटाच्या नावावर त्याहून जास्त खरेद्या असणं शक्यच नाही.

आपल्याकडे प्रत्येक खरेदीची खबर मेटाला दोन वाटांनी जाते: ग्राहकाच्या ब्राउझरमधल्या पिक्सेलकडून आणि आपल्या सर्व्हरकडून. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण अॅड ब्लॉकर असेल किंवा ग्राहकाने पान घाईने बंद केलं तर ब्राउझरची नोंद हरवते. दोन्हीकडून खबर आली, तर इव्हेंटचं नाव आणि ओळख क्रमांक जुळवून मेटा त्या दोन नोंदी एकच धरतं. ४ मार्चला ऑर्डर सिस्टिम अद्ययावत झाली आणि सर्व्हर ऑर्डर क्रमांकाआधी अक्षरं जोडू लागला. ब्राउझरकडून मात्र नुसता क्रमांकच जात राहिला. एकाच ऑर्डरसाठी काय जात होतं, ते पाहा:

```
ब्राउझर:  eventID: "48213"
सर्व्हर:  event_id: "ORD-48213"
```

माणसाला दिसतं की ऑर्डर एकच आहे. मेटाच्या लेखी या दोन वेगवेगळ्या खरेद्या झाल्या. अक्षरं जोडण्याचा बदल आपल्या हिशेब विभागासाठी गरजेचा होता आणि त्यात गैर काही नव्हतं. फक्त तो ट्रॅकिंगपर्यंत पोचतो हे कुणाच्या यादीत नव्हतं.

७९२ हा आकडा कसा काढला, तेही सांगायला हवं, कारण तो अंदाज आहे. कोणती खरेदी कोणत्या जाहिरातीमुळे झाली हे मेटा ऑर्डरनिहाय दाखवत नाही. आमच्याकडे एकूण नोंदी आहेत: सर्व्हरकडून १,१४६, ब्राउझरकडून ७१२, मिळून १,८५८. खऱ्या ऑर्डर १,१४६. हेच प्रमाण १,२८४ ला लावलं की ७९२ येतात. पण जाहिरातीवरून आलेल्या ग्राहकाची ब्राउझर-नोंद मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून त्यांच्यात दुहेरी मोजणीही जास्त झाली असणार. सगळ्याच खरेद्या दोनदा मोजल्या गेल्या असत्या, तर खरा आकडा ६४२ आला असता. माझं मत विचाराल तर ७९२ ही वरची बाजू धरा आणि बजेट आखताना त्याहून थोडं खालीच राहा.

खर्च तेवढाच असल्याने प्रत्येक खरेदीमागचा खर्च आम्ही कळवला होता त्यापेक्षा किमान ६२ टक्क्यांनी जास्त पडला आहे. त्यामुळे रीटार्गेटिंगचं बजेट वाढवण्याची आमची शिफारस आम्ही मागे घेत आहोत. ती याच फुगलेल्या आकड्यावर उभी होती. बजेट वाढवलं असेल, तर कृपया ४ मार्चच्या आधीच्या पातळीवर आणावं.

क्लिक, खर्च, गूगल अॅड्सचे आकडे आणि ४ मार्चच्या आधीचं सगळं जसंच्या तसं आहे. तिथे काही बदलायचं नाही.

२२ मार्चपासून दोन्हीकडून नुसता क्रमांक जातो आणि जोड्या जुळत आहेत, हे इव्हेंट्स मॅनेजरमध्ये तपासलं आहे. मात्र आधी गेलेल्या नोंदी आम्हाला परत घेता येत नाहीत. अॅड्स मॅनेजरमध्ये त्या तारखांना १,२८४ हाच आकडा दिसत राहील. आपल्या टीममधलं कुणी तो उचलून सादरीकरणात घालू नये, म्हणून डॅशबोर्डवर त्या तारखांखाली टीप टाकली आहे. शिवाय जाहिराती कुणाला दाखवायच्या हे मेटा याच नोंदींवरून शिकत होतं. पुढचे काही दिवस निकाल खाली-वर झाले, तर घाईने कॅम्पेन बंद करू नयेत ही विनंती.

आता रोज सकाळी मेटाच्या खरेद्या आणि आपल्या एकूण ऑर्डर शेजारी ठेवून पाहतो. आपल्याकडून एकच मदत हवी आहे: ऑर्डर क्रमांक, चेकआउट किंवा पेमेंट यांत बदल ठरला की डेव्हलपर टीमने तो लागू होण्याआधी आम्हाला कळवावं. चाचणी आम्ही करू.

संचालकांसमोर जुना आकडा गेला असेल, तर मला सांगावं. त्यांच्यासाठी एक पानाचं स्पष्टीकरण आजच तयार करून देते, आणि हवं असल्यास बैठकीला मी स्वतः येते.

आपली विश्वासू,
वरिष्ठ विश्लेषक, मापन विभाग

सोबत: दिवसनिहाय जुने व सुधारित आकडे