लघवी रोखून धरल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने काय होते?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि शिक्षकहो,

मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहे, म्हणजे ज्याला आपण एरवी किडनी म्हणतो त्या अवयवाच्या आजारांवर उपचार करतो. आजचा विषय निघाला की वर्गात हसू फुटते हे मला ठाऊक आहे, तेव्हा आधी मनसोक्त हसून घ्या. त्यानंतर मात्र लघवीविषयी आपण ताप-खोकल्याइतक्याच मोकळेपणाने बोलणार आहोत, कारण माझ्याकडे येणारी बरीच मुले केवळ लाजेपोटी तक्रार लपवतात आणि त्यामुळे उशिरा येतात.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला आपली दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. मोठ्या माणसाची मूत्रपिंडे दिवसभरात जवळजवळ 180 लीटर द्रव गाळतात. पण त्यातला बहुतेक सगळा भाग शरीर परत घेते आणि साधारण दीड लीटर लघवी तयार होते. ही लघवी दोन मूत्रवाहिन्यांमधून खाली मूत्राशयात येते. ती नुसती वजनाने खाली पडत नाही, तर या नळ्या आकुंचन पावून तिला पुढे ढकलतात, म्हणूनच तुम्ही आडवे झोपलेले असतानाही हे काम चालू राहते. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते; मूत्राशय भरू लागले की ती भिंत नळीच्या त्या टोकाला दाबून बंद करते आणि लघवी उलट वर जात नाही. ही रचना लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

तुमच्या मूत्राशयात किती लघवी मावते, याचा डॉक्टर वापरतात तो हिशेब सोपा आहे: वयाच्या वर्षांत एक मिळवायचा आणि तीसने गुणायचे. दहा वर्षांच्या मुलाचे उत्तर येते 330 मिलीलीटर. मूत्राशय पूर्ण भरण्याच्या आधीच त्याच्या ताणलेल्या भिंतीकडून मेंदूला निरोप जातो. त्या वेळी तुम्ही खालचा झडपेसारखा स्नायू आवळून धरता आणि निरोप थोडा पुढे ढकलता. परीक्षेत किंवा प्रवासात एखादे वेळी असे केल्याने काहीही बिघडत नाही, त्यामुळे आज घरी जाऊन कुणी घाबरू नये. रोज सकाळपासून शाळा सुटेपर्यंत जो हे करतो, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मेंदूला तो निरोप दुर्लक्षित करण्याची सवय लागते, मूत्राशय गरजेपेक्षा जास्त ताणले जाते आणि सतत आवळून धरलेला स्नायू शौचालयात गेल्यावरही पुरता सैल पडत नाही. मग मूत्राशय जोर लावते, खालचे दार अर्धवटच उघडते आणि थोडी लघवी आत शिल्लक राहते. अशा मुलांना पुढे अचानक जोराची लागते, कधी कपड्यात थेंब गळतात. ती मुले आळशी किंवा घाणेरडी नसतात. त्यांच्या स्नायूंचा ताळमेळ बिघडलेला असतो आणि तो उपचारांनी सुधारता येतो.

शिल्लक राहिलेल्या लघवीचा फायदा जंतूंना होतो. ई. कोलाय नावाचे जंतू आपल्या आतड्यात राहतात आणि तिथे ते सहसा त्रास देत नाहीत. त्यांतले काही मूत्रमार्गाच्या तोंडापाशी पोहोचतात आणि वर चढू पाहतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे त्यांच्यात हे अधिक सहज घडते. म्हणूनच मुलींनी स्वच्छता करताना हात नेहमी पुढून मागे न्यावा. या जंतूंविरुद्ध शरीराचा सर्वांत साधा उपाय म्हणजे वाहती लघवी, जी त्यांना धुऊन बाहेर टाकते. अनुकूल परिस्थितीत हा जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. चार तासांत किती वेळा दुप्पट होईल? बारा वेळा, म्हणजे एकाचे 4096. मूत्राशयात ही वाढ कागदावरच्या इतकी वेगाने होत नाही आणि शरीरही प्रतिकार करते, पण साचलेल्या लघवीत जंतूंना वेळ मिळतो, हे यावरून कळेल.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल, तर लघवी करताना जळजळ होते, वारंवार जावेसे वाटते आणि ओटीपोटात दुखते. काही मुलांमध्ये मघाशी सांगितलेली उलट जाऊ न देणारी रचना जन्मतःच कच्ची असते, काहींमध्ये मूत्राशयातला दाब सतत जास्त राहिल्याने ती हार मानते. तेव्हा जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतात. मग थंडी वाजून ताप येतो, कमरेच्या वर एका बाजूला दुखते आणि उलट्या होतात. उपचार लांबले तर मूत्रपिंडावर व्रण राहू शकतो. त्वचेवरचा व्रण फार तर दिसायला वाईट दिसतो. मूत्रपिंडाचा व्रण झालेला भाग मात्र पुन्हा रक्त गाळू शकत नाही.

आता पाण्याविषयी. पाणी कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात येते आणि ते मूत्रपिंडांना पाणी वाचवायला सांगते. सकाळची पहिली लघवी गडद असते ती याचमुळे. ही व्यवस्था उत्तम आहे, पण ती अडचणीच्या वेळेसाठी आहे. दिवसभर लघवी दाट राहिली, तर तिच्यातले कॅल्शियम आणि ऑक्झलेटसारखे क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत. मिठाचे पाणी आटत गेले की भांड्याच्या तळाशी जसे खडे धरतात, तसे त्यांचे स्फटिक बनतात आणि त्यांतूनच मुतखडा वाढतो. शिवाय कमी पाण्यामुळे मल कडक होतो, भरलेले मोठे आतडे मूत्राशयाला शेजारून दाबते आणि ते नीट रिकामे होत नाही.

माझ्या अनुभवात या दोन सवयी क्वचितच वेगवेगळ्या आढळतात. शौचालयात जावे लागू नये म्हणून मूल पाणीच पीत नाही आणि भरलेली बाटली तशीच घरी नेते. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की तासाच्या मध्ये परवानगी मागणाऱ्या मुलाला थांबवू नये, आणि शौचालयात पाणी असेल, दाराला आतून कडी लागेल, एवढे पाहावे. मुलांना नुसते 'पाणी प्या' सांगून हा प्रश्न सुटणार नाही.

तुमच्या वयाला दिवसभरात साधारण दीड ते दोन लीटर पेय पदार्थ लागतात, त्यांत मुख्यतः पाणी असावे; ऊन आणि खेळ असेल तेव्हा अधिक. ते थोडे थोडे, दिवसभर विभागून प्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर प्रमाण ठीक आहे. पैज लावून बाटल्या रिचवू नका, कारण थोड्या वेळात फार पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या कमी होते. ज्यांच्यावर मूत्रपिंडाच्या आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलेच प्रमाण पाळावे. जागेपणी दर दोन-तीन तासांनी लघवीला जावे, पाय नीट टेकवून निवांत बसावे, जोर लावू नये आणि मूत्राशय रिकामे होईपर्यंत उठू नये.

जळजळ, लघवीतून रक्त, कारण न कळणारा ताप किंवा कपडे ओले होणे यांपैकी काही होत असेल, तर ते त्याच दिवशी घरी सांगा. बहुतेक वेळा लघवीच्या साध्या तपासणीने निदानाची दिशा कळते. आता तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या द्या, त्यांवर नाव लिहिण्याची गरज नाही. आणि ज्यांना आत्ता लघवीला जायचे असेल, त्यांनी आधी जाऊन यावे, तोवर मी थांबतो.