प्रश्न ४ : सानिकाच्या उत्तरावरचा अभिप्राय

सानिका,

प्रश्न ४ ला १० पैकी ४ गुण दिलेत. तुला ते कमी वाटतील, कारण तुझी आकडेमोड चोख आहे. ΔS° चे जूल किलोजूलमध्ये आणायला बरेच जण विसरले, तू विसरली नाहीस. गुण गेले ते त्या आकड्यांवरून तू जे म्हटलंस त्याचे.

(अ) मध्ये तीन अभिक्रिया दिल्या होत्या. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी, ΔG° = −४७४ किलोजूल. सिल्व्हर आयन आणि क्लोराइड आयनपासून AgCl, −५६. हिऱ्याचं ग्रॅफाइट, −२.९. तू लिहिलंस, "पहिली सर्वांत वेगवान, कारण ΔG° सर्वांत ऋण." प्रश्नात वेग विचारलाच नव्हता. तिन्ही उत्स्फूर्त आहेत का, एवढंच सांगायचं होतं.

आता प्रॅक्टिकल आठव. क्लोराइडच्या परीक्षेत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकलेस की दह्यासारखा पांढरा साका लगेच दिसतो. तिथे ΔG° फक्त −५६. उलट हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण खोलीच्या तापमानाला बाटलीत वर्षभर ठेवलंस तरी पाण्याचा थेंब दिसणार नाही. ठिणगी पडली तर मात्र स्फोट. ठिणगीने ΔG° बदलला का? नाही. भोवतीचे पाण्याचे रेणू सोडले तर सिल्व्हर आणि क्लोराइड आयन मोकळेच असतात, भेटले की जुळतात. हायड्रोजनच्या रेणूत आधी H–H बंध सैल व्हायला हवा आणि तो तोडायला मोलमागे ४३६ किलोजूल लागतात. सगळी ऊर्जा एकदम लागते असं नाही, पण अडथळा मोठाच. वेग ठरवते ती ही सक्रियण ऊर्जा, Ea. ΔG मध्ये फक्त सुरुवात आणि शेवट असतो, मधली वाट नसते.

आणखी एक गंमत बघ. पाण्याचं समीकरण मी 2H2 + O2 → 2H2O असं दिलं होतं. तेच H2 + ½O2 → H2O असं लिहिलंस तर आकडा −२३७ होतो. मग वेगही निम्मा होईल का? बाटलीतल्या वायूंना आपण वहीत काय लिहिलं ते कुठे ठाऊक असतं!

(ब) मध्ये गंजाचं उदाहरण तू स्वतःहून दिलंस, ते मला आवडलं, फक्त उलटं वापरलंस. "गंज सावकाश चढतो म्हणून ही अभिक्रिया उत्स्फूर्त नाही." Fe2O3 तयार होताना मोलमागे ΔG° −७४२ किलोजूल, म्हणजे AgCl च्या कितीतरी पट. तरी गेटचा पत्रा खायला आपल्याकडचे काही पावसाळे जावे लागतात. उत्स्फूर्त नसलेली अभिक्रिया बघायची तर तुझ्या डिचोलीच्या खाणीतलं हेमॅटाइट घे. तेही Fe2O3 च. ते आपसूक लोखंड होत नाही, कितीही काळ थांबलीस तरी. त्याला भट्टीत कार्बन मोनॉक्साइड द्यावा लागतो. "सावकाश होतं" आणि "होतच नाही" यातला फरक इथे आहे.

(क) अमोनियाचा. २९८ केल्व्हिनला −३३ किलोजूल आणि ६७३ केल्व्हिनला +४१.५, दोन्ही बरोबर. पण खाली लिहिलंस, "तापवल्यावर अभिक्रिया वेगाने होते, म्हणजे ती जास्त उत्स्फूर्त झाली." तुझाच आकडा ऋणाचा धन झाला आणि तू पुढे निघून गेलीस! झुआरीनगरच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी अमोनिया बनवताना नेमकी हीच ओढाताण असते. थंड ठेवलं तर समतोल अनुकूल, पण नायट्रोजनचा तिहेरी बंध हलत नाही. तापवलं तर वेग मिळतो, पण समतोल मागे सरकतो. म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक, भरपूर दाब, आणि तयार झालेला अमोनिया थंड करून बाहेर काढत राहणं. +४१.५ हा प्रमाण स्थितीतला आकडा आहे. दाब वाढवला की प्रत्यक्षातला ΔG वेगळा येतो, म्हणून त्या तापमानालाही थोडा अमोनिया मिळतोच.

"उत्प्रेरकाने ΔG कमी होतो" हे वाक्य खोडून टाक. तो Ea कमी करतो, पुढच्या आणि उलट अशा दोन्ही दिशांची. ΔG आणि K जिथल्या तिथे राहतात.

(अ) आणि (क) पुन्हा लिहून गुरुवारी प्रॅक्टिकलच्या आधी दे. (क) मध्ये ΔG° शून्य होणारं तापमानही काढ, ΔH° = −९२.२ किलोजूल आणि ΔS° = −१९८.७ जूल प्रति केल्व्हिन धरून. आणि "वेग" हा शब्द लिहिण्याआधी दिलेल्या माहितीत Ea किंवा k कुठे आहे का ते बघ. नसेल तर वेगाबद्दल गप्प बस.

सर