वर्षअखेरीचे आभारपत्र

आदरणीय मीनाक्षी मॅडम,

सप्रेम नमस्कार.

वर्ष संपण्याआधी तुमचे मनापासून आभार मानायचे होते. समोरासमोर बोलताना बरेच राहून जाते, म्हणून लिहिते आहे.

तिमाही विक्रीच्या अहवालाचा माझा मसुदा तुम्ही पेन्सिलने खुणा करून परत दिलात, तो मी अजून जपून ठेवला आहे. पहिल्याच पानाच्या समासात तुम्ही लिहिले होते, ‘हे वाचून संचालकांनी नेमका कोणता निर्णय घ्यायचा?’ त्या एका प्रश्नाने माझी कामाची पद्धतच बदलली. आता कुठलाही अहवाल हाती घेतला की कोणता निर्णय हवा आहे ते आधी एका ओळीत मांडते. आकडे त्यामागून येतात. परवाच्या आढावा बैठकीत वितरणाच्या प्रस्तावाला फारशी चर्चा न होता मंजुरी मिळाली, ती याच सवयीमुळे.

तुमचे अभिप्राय कामाबद्दल असतात, माणसाबद्दल नव्हे. शिवाय ते वेळच्या वेळी मिळतात, वार्षिक मूल्यमापनापर्यंत थांबत नाहीत. हे फार थोड्या वरिष्ठांना जमते. ग्राहकांच्या बैठकीनंतर ‘उत्तर देण्याआधी त्यांचे बोलणे पूर्ण होऊ दे’ एवढेच तुम्ही म्हणालात. तेही रोज कामी येते आहे.

जानेवारीपासून दोन नव्या सहकाऱ्यांचे मसुदे मी तपासणार आहे. सुरुवातीला माझे शेरे तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का?

तुम्हाला आणि घरच्या सर्वांना नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.

आपली,
स्नेहल