म्हसावदची एक्सप्रेस आणि समोरची मालगाडी

उदाहरण : भुसावळहून चाळीसगावकडे ताशी ७२ किमी वेगाने जाणारी एक्सप्रेस म्हसावद स्टेशनावर न थांबता पुढे जाते. फलाटावरचा एक खांब ती २१ सेकंदांत ओलांडते आणि अख्खा फलाट ४५ सेकंदांत. पुढे शेजारच्या रुळावर समोरून ताशी ५४ किमी वेगाने मालगाडी येते. दोन्ही गाड्या एकमेकींना ३० सेकंदांत पूर्ण ओलांडतात.
(अ) फलाटाची लांबी किती?
(आ) मालगाडीची लांबी किती?
(इ) एक्सप्रेसच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशासमोरून मालगाडी किती सेकंदांत जाईल?
(ई) मालगाडी त्याच दिशेने जात असती, तर एक्सप्रेसला तिला ओलांडायला किती वेळ लागला असता?

उकल : वेळ सेकंदांत आहे, म्हणून आधी वेग मीटरमध्ये आणा. ७२ × ५/१८ = २० आणि ५४ × ५/१८ = १५ मीटर प्रतिसेकंद.

(अ) इंजिनाचं तोंड खांबापाशी आलं की घड्याळ सुरू, शेवटच्या डब्यामागची पिवळी फुली खांबापुढे गेली की बंद. तेवढ्या वेळात गाडी स्वतःच्याच लांबीइतकी सरकते : २० × २१ = ४२० मीटर. फलाट ओलांडताना मात्र फुलीलाही फलाटाचं दुसरं टोक गाठावं लागतं, म्हणजे अंतर = गाडी + फलाट = २० × ४५ = ९०० मीटर.
फलाट = ९०० − ४२० = ४८० मीटर.

(आ) गाड्या समोरासमोर आहेत. दर सेकंदाला एक २० मीटर पुढे येते, दुसरी १५. सापेक्ष वेग ३५. अंतर दोन्ही लांब्यांची बेरीज : ३५ × ३० = १०५० मीटर.
मालगाडी = १०५० − ४२० = ६३० मीटर.

(इ) भरतीच्या परीक्षेत पोरं इथेच मार्क घालवतात. १०५० ला ३५ ने भागून ३० लिहितात, आणि पर्यायांत ३० दिलेलेच असतात! प्रवासी म्हणजे एक बिंदू. त्याच्यासमोरून फक्त मालगाडी जायची आहे, त्याच्या स्वतःच्या गाडीची लांबी इथे येतच नाही. वेग मात्र सापेक्षच, कारण तोही २० च्या वेगाने पळतोय.
वेळ = ६३० ÷ ३५ = १८ सेकंद.

म्हणून सूत्र आठवण्याआधी विचारा : बघणारा कुठे आहे? तो खांबासारखा बिंदू आहे, की त्यालाही लांबी आहे?

(ई) दिशा एकच, तर वजाबाकी : २० − १५ = ५. अंतर तेच, १०५० मीटर.
वेळ = १०५० ÷ ५ = २१० सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटं.

ताळा : वेगांचं गुणोत्तर ३५ : ५, म्हणजे सातपट. वेळही सातपट हवी, ३० × ७ = २१०. जुळलं.

सरावासाठी : (ई) मधल्या मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून पाहणाऱ्याला एक्सप्रेस ओलांडून जायला किती वेळ लागेल? (उत्तर : ८४ सेकंद)